पावसाळ्याआधीची घराची तयारी: सात आठवड्यांच्या आठवणी कोणत्या क्रमाने लावायच्या

मेच्या मध्यावर फोनमध्ये एकच आठवण वाजते: ‘गच्चीचं वॉटरप्रूफिंग’. मग धावपळीत गवंडी मिळतो, तो सकाळी भेगा भरतो, दुसऱ्या दिवशी वरून कोटिंग मारतो आणि जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या पावसात त्या कोटिंगला फुगे येतात. सामान चांगलं असतं, माणूसही कामाचा असतो. राहून गेलेलं असतं ते मधलं वाळणं.

या कामात प्रत्यक्ष हात लावण्याचे दिवस जेमतेम पाच-सहा. बाकी सगळा वेळ वाट बघण्याचा. म्हणून आठवण नुसती कामाची लावून भागत नाही. प्रत्येक आठवणीत तीन गोष्टी लिहा: आज काय करायचं, त्याआधी काय तपासायचं, आणि हे झाल्यावर किती दिवस थांबायचं. दोन कामांमधलं अंतर लिहिलेलं असलं की एखादं काम चार दिवस लांबलं तरी पुढच्या तारखा तेवढ्याच सरकवता येतात. नुसत्या तारखा लिहिल्या तर उशीर झाल्यावर माणूस वाळण्याचेच दिवस कापतो.

## आधी शेवटची तारीख ठरवा

हवामान खात्याच्या २०२० पासूनच्या सुधारित तारखांप्रमाणे मोसमी पाऊस केरळात १ जूनला आणि मुंबईत ११ जूनला पोहोचणं अपेक्षित असतं. पण ही सरासरी आहे. २०२५ मध्ये तो केरळात २४ मेला आणि मुंबईत २६ मेला दाखल झाला. ‘मृगापर्यंत वेळ आहे’ या हिशेबाने चाललेल्यांची कामं त्या वर्षी अर्धवट भिजली. शिवाय वळवाचा पाऊस कोणाला विचारून येत नाही.

म्हणून रोहिणी लागण्याआधी, म्हणजे २० मेपर्यंत, सगळं संपवायचं असं धरा आणि तिथून मागे मोजा. विदर्भ-मराठवाड्यात आठवडाभर जास्त मिळू शकतो, पण तो राखीव ठेवा, वेळापत्रकात धरू नका.

पुढचा सगळा हिशेब एका उदाहरणावर आहे: ६ मीटर बाय ५ मीटरची, म्हणजे ३० चौरस मीटरची कोबा केलेली गच्ची, एका कोपऱ्यात पावसाचं पाणी उतरणारा एकच पाइप, खाली झोपायच्या खोलीत छताच्या कोपऱ्यात ओलीचा डाग, आणि त्याच खोलीच्या माळ्यावर ट्रंका, गाद्या, कागदपत्रं. त्याच्या आठवणी अशा बसतात:

- १ एप्रिल: ओलीची पाहणी
- ८ एप्रिल: पाइप आणि नाल्यांची पहिली सफाई
- १२ एप्रिल: भेगा भरणं (पुढे ७ दिवस पाणी, मग ७ दिवस वाळणं)
- २६ एप्रिल: प्लास्टिकची चाचणी
- २८ आणि २९ एप्रिल: कोटिंग (पुढे ७ दिवस वाळणं)
- ७ ते ९ मे: पाणी साठवून चाचणी, पाइपची दुसरी सफाई
- १० ते १२ मे: खिडक्या, छज्जे
- १३ ते १८ मे: साठवणीचं सामान
- २० मे: शेवटची फेरी

गच्ची सोसायटीची असेल तर १ एप्रिलचं काम मार्चच्या पहिल्या आठवड्यात करा आणि डागांच्या फोटोंसह कमिटीला लेखी पत्र द्या. मंजुरी, कोटेशन आणि मीटिंग यात महिना सहज जातो.

## टप्पा १: ओलीचा नकाशा (१ एप्रिल)

पाहणी गच्चीवरून सुरू करू नका, खोलीतून करा. छतावरच्या प्रत्येक डागाभोवती पेन्सिलने रेघ ओढा, शेजारी तारीख लिहा, आणि डाग दोन भिंतींपासून किती फुटांवर आहे ते मोजून ठेवा. ही रेघ मेमधल्या चाचणीत कामाला येणार आहे, त्यामुळे ती रंगाखाली झाकू नका.

आता डागावर हात ठेवून बघा. एप्रिलच्या उन्हातही तो गार आणि ओलसर लागत असेल, तर दोष पावसाचा नाही. वरच्या मजल्याची मोरी, भिंतीतला नळाचा पाइप किंवा गच्चीवरची टाकी गळते आहे. अशा डागावर गच्चीचं कितीही वॉटरप्रूफिंग केलं तरी तो तसाच राहील. डाग कोरडा, कडेला पिवळसर आणि पोपडे सुटलेला असेल तरच तो पावसाचा धरा.

मग मोजलेली अंतरं घेऊन गच्चीवर जा आणि तिथे खडूने खूण करा. पाणी स्लॅबमधून सरळ खाली येतंच असं नाही. कोब्याखालून ते थोडं वाहत जातं आणि जिथे वाट मिळेल तिथे टपकतं. म्हणून खुणेच्या आसपास, विशेषतः उताराच्या वरच्या बाजूला, मीटरभर अंतर बारकाईने तपासा. तीन जागा जवळपास नेहमी दोषी निघतात: गच्ची आणि कठडा मिळतात तो कोपरा, पाइपच्या तोंडाभोवतीची कड, आणि डिश अँटेना किंवा सोलरच्या पायांसाठी पाडलेली भोकं.

शेवटी लाकडी दांडक्याने कोबा ठोकत फिरा. भरीव जागी आवाज टणक येतो, पोकळ जागी बद्द. बद्द आवाजाचा भाग खडूने घेरा. तो काढूनच टाकावा लागतो, कारण सुटलेल्या थरावर मारलेलं कोटिंग त्या थरासकट उठून येतं.

थांबा: खाली छताचं प्लास्टर सुटून गंजलेल्या सळ्या दिसत असतील, तर हे वेळापत्रक तिथेच थांबवा. ते काम स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवायचं आहे. ओल स्विचबोर्ड किंवा छताच्या दिव्यापर्यंत गेली असेल तर त्या लाइनचा एमसीबी बंद ठेवून आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

## टप्पा २: पाइप आणि नाले, पहिली सफाई (८ एप्रिल)

पाइप आधी साफ करायचा, कारण पुढे गच्ची धुवायची आहे आणि ते पाणी याच वाटेने जाणार. तुंबलेल्या पाइपच्या तोंडाशी पाणी साचलं तर भेगा भरण्याआधीच तो कोपरा भिजून बसतो.

१. जाळी काढा, भोवतालचा गाळ खरवडून पोत्यात भरा. तो झाडून पाइपमध्ये ढकलला की दोन मजले खाली, वळणाच्या बेंडमध्ये जाऊन बसतो. घरोघरी होणारी चूक हीच आहे.

२. पाइपच्या खालच्या टोकाला एकाला उभं करा आणि वरून एक बादली पाणी सोडा. पाणी लगेच आणि एकसंध आलं तर वाट मोकळी. उशिरा, धार तुटत आलं तर मध्ये अडथळा आहे. अडथळा शक्यतो खालून, लवचीक तारेने मोकळा करा. वरून दाब दिला तर तो आणखी घट्ट बसतो.

३. आता खरी परीक्षा. तासाला ५० मिलिमीटर या वेगाचा पाऊस ३० चौरस मीटरवर पडला तर तासाला १,५०० लिटर, म्हणजे मिनिटाला २५ लिटर पाणी त्या एका तोंडातून जावं लागतं. २० लिटरच्या दोन बादल्या मिनिटभरात ओता. तोंडाशी पाणी न थबकता गेलं तर पाइप पुरेसा आहे. तळं साचत असेल तर सफाई अजून अपुरी आहे किंवा पाइपच लहान आहे. दुसरं तोंड काढायचं असेल तर तेही भेगा भरण्याआधीच.

४. जाळी सपाट असेल तर घुमटासारखी उभी जाळी आणा. सपाट जाळीवर एक प्लास्टिकची पिशवी पडली की वाट बंद होते. उभ्या जाळीला पाला खालून घेरतो, तरी वरून पाणी जात राहतं. जाळी काढूनच टाकणं हा मात्र उपाय नाही.

जमिनीवरचे चेंबर उघडून गाळ बाहेरून काढा. आत उतरायचं नाही आणि कोणाला उतरवायचंही नाही. आतला वायू काही क्षणांत माणसाला बेशुद्ध करतो. गच्चीचा पाइप सांडपाण्याच्या चेंबरला जोडलेला असेल तर तो पावसाच्या गटारात वळवून घ्या, नाहीतर जोराच्या पावसात तळमजल्याच्या मोरीतून उलटं पाणी येतं.

तपासा: सफाई झाल्यावर पाइपच्या तोंडात कापडाचा बोळा बसवा, म्हणजे पुढच्या कामातला चुरा आणि सिमेंट आत जाणार नाही. आणि लगेच, बोळा हातात असतानाच, २० मेच्या आठवणीत लिहा: ‘बोळा काढला का?’ हा बोळा जूनमध्ये सापडलेली घरं थोडीथोडकी नाहीत.

## टप्पा ३: भेगा आणि कोपरे (१२ एप्रिल)

केसाएवढी भेग वरून सिमेंट फासून बुजत नाही. सिमेंट आत उतरतच नाही, वर पातळ पापुद्रा तयार होतो आणि ऊन-पावसाने स्लॅब जरा हलला की तो सुटतो. भेग आधी छिन्नीने किंवा कटरने रुंद करावी लागते: वर एक सेंटिमीटर रुंद, एक सेंटिमीटर खोल, इंग्रजी व्ही अक्षरासारखी. मग वायर ब्रशने घासून, फुंकून धूळ पूर्ण काढायची. धुळीवर काहीच चिकटत नाही.

भरण्यासाठी एक भाग सिमेंट, तीन भाग चाळलेली बारीक वाळू, आणि पाण्यात मिसळलेलं वॉटरप्रूफिंगचं लॅटेक्स. त्याचं प्रमाण डब्यावर दिलेलं असतं, ते पाळा. उदाहरणातल्या गच्चीवर सगळ्या भेगा मिळून १२ मीटर धरल्या तर त्यात मावणारा माल जेमतेम सहाशे मिलिलिटर. म्हणजे एक तांब्याभर. तरी लोक पाटीभर कालवतात, तो अर्ध्या तासात आळायला लागतो आणि मग वरून पाणी शिंपडून पुन्हा मऊ करून वापरतात. तसा भरलेला माल वाळल्यावर भुगा होतो. भेगांसाठी थोडा थोडाच कालवा.

खाच ओलसर करून घ्या, पण तिच्यात पाणी साचलेलं नको. आतून लॅटेक्स-सिमेंटच्या पातळ राबड्याचा एक हात मारा आणि ते चिकट असतानाच माल दाबून भरा. गच्ची आणि कठड्याच्या कोपऱ्यात त्याच मालाचा वाटा काढा, म्हणजे काटकोन मोडून दोन-अडीच इंचांची गोलाई द्या. काटकोनात कोटिंग ताणलं जातं आणि पहिल्यांदा तिथेच फाटतं. वाट्याला माल बराच लागतो, त्यामुळे त्याचा घाणा वेगळा कालवा.

पोकळ कोबा काढलेल्या जागी नवा कोबा भरताना पाइपकडचा उतार मोडू देऊ नका. मीटरमागे एक सेंटिमीटर उतार पुरतो.

मग सात दिवस पाणी. एप्रिलमध्ये सकाळी एकदा शिंपडून भागत नाही, दहा वाजेपर्यंत ते उडून जातं. ओलं गोणपाट टाका आणि दिवसातून तीनदा भिजवा. लॅटेक्सच्या डब्यावर याहून कमी दिवस पाणी मारायला सांगितलं असेल तर त्या भेगांपुरतं ते ऐका. साध्या सिमेंटच्या कोब्याला मात्र सात दिवस हवेतच.

१९ एप्रिलला गोणपाट उचला. इथून पुढचे सात दिवस गच्चीवर पाण्याचा थेंब नको. कुंड्या हलवा, टाकी भरून वाहू देऊ नका. मध्ये वळीव पडला तर मोजणी पुन्हा एकपासून.

## टप्पा ४: गच्ची खरंच वाळली का? (२६ एप्रिल)

वरून पांढरी दिसणारी गच्ची आतून ओली असू शकते. त्यावर कोटिंग मारलं की ऊन लागल्यावर आतली वाफ वर यायला बघते, वाट मिळत नाही आणि फुगा धरतो.

दीड फूट बाय दीड फुटाचा स्वच्छ, पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा नव्या भरावावर ठेवा आणि चारही कडा टेपने हवाबंद करा. किमान १६ तास तसाच राहू द्या. संध्याकाळी लावला तर दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा काढता येतो. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला घाम आला असेल किंवा खालचं सिमेंट काळपट दिसत असेल, तर आणखी तीन दिवस थांबा आणि पुन्हा लावा. एकच तुकडा लावायचा असेल तर पाइपजवळच्या कोपऱ्यात लावा. सगळ्यात शेवटी वाळतो तो तोच.

तपासा: पुढचे तीन दिवस तुमच्या तालुक्याला पावसाचा अंदाज नाही ना? असेल तर कोटिंगची आठवण पुढे ढकला, माल उघडू नका.

## टप्पा ५: कोटिंग (२८ आणि २९ एप्रिल)

मालाचा हिशेब करताना कठडा विसरला जातो. गच्ची ३० चौरस मीटर, शिवाय कठड्यावर एक फूट, म्हणजे ३० सेंटिमीटर उंचीपर्यंत चढवायचं. परिमिती २२ मीटर, म्हणून आणखी साडेसहा. एकूण साधारण ३७ चौरस मीटर. दोन हात मिळून चौरस मीटरला एक लिटर असा माल असेल तर ३७ लिटर, म्हणजे २० लिटरचे दोन डबे. आपल्या डब्यावर वेगळा आकडा असेल तर तो घ्या. पण एकच डबा पाणी घालून सगळीकडे पुरवायचा हे मात्र नको. थर पातळ झाला की तो नुसता रंग उरतो.

सकाळी सातला सुरू करा आणि साडेनऊपर्यंत थांबा. तापलेल्या स्लॅबवर कोटिंगची वरची साय लगेच धरते आणि खालचं पाणी तिला टाचणीएवढी भोकं पाडून बाहेर पडतं. ही भोकं मारताना दिसत नाहीत, दुसऱ्या दिवशी जवळून बघितलं की दिसतात.

पहिल्या दिवशी आधी प्रायमर, डब्यावर सांगितलं असेल तेवढंच पातळ करून. तो वाळला की वाटा, भरलेल्या भेगा आणि पाइपचं तोंड यांवर जाड हात मारून त्या ओल्या हातातच फायबरची जाळीची पट्टी बसवा आणि वरून पुन्हा ब्रश फिरवा. पट्टीखाली सुरकुती किंवा हवा राहिली तर तिथूनच पाणी शिरणार. पाइपच्या तोंडात कोटिंग दोन इंच आतपर्यंत गेलं पाहिजे. त्यासाठी बोळा थोडा खाली सरकवा. बहुतेक गळत्या याच दोन इंचांत असतात आणि बहुतेक कारागीर नेमके इथेच कडेवर थांबतात.

मग पूर्ण गच्चीला पहिला हात. ऊन वर आलं आणि काम उरलं असेल तर ते संध्याकाळी पाचनंतर घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरा हात, पहिल्याच्या आडव्या दिशेने. पहिला पूर्व-पश्चिम मारला असेल तर दुसरा उत्तर-दक्षिण, म्हणजे ब्रशच्या ओळींत सुटलेल्या जागा झाकल्या जातात.

पुढचे सात दिवस गच्चीवर फिरणं बंद. पापड-कुरडया वाळवण्याचे हेच दिवस असतात, तेव्हा घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. बाज ओढल्याचा एक ओरखडाही पुरतो.

## टप्पा ६: पाणी साठवून चाचणी (७ ते ९ मे)

पाइपच्या तोंडातला जुना बोळा काढा आणि प्लास्टिकच्या पिशवीत कापड भरून घट्ट बूच बसवा. उताराच्या सगळ्यात उंच जागी २० मिलिमीटर पाणी चढेपर्यंत भरा. ६ मीटर लांबीला मीटरमागे एक सेंटिमीटर उतार असेल तर पाइपच्या टोकाला ८० मिलिमीटर होईल, सरासरी ५०. म्हणजे १,५०० लिटर पाणी, दीड टन वजन. पाणी भरण्याआधी जिन्याच्या दाराचा उंबरा त्या पातळीच्या वर आहे ना, ते बघा.

थांबा: घर जुनं असेल, स्लॅब झुकलेला किंवा तडकलेला असेल, तर हे वजन वर ठेवू नका. तिथे पाइपने संशयाच्या जागी दोन-तीन तास पाणी सोडून खाली लक्ष ठेवा. पाणीटंचाई असेल तर डागाच्या वरचा दोन बाय दोन मीटरचा भाग मातीचा बांध घालून तेवढाच भरा.

पाणी ४८ तास ठेवायचं. मेच्या उन्हात पातळी उतरणारच, मग गळती कुठली आणि वाफ कुठली? त्यासाठी पाण्याशेजारी एक परात ठेवा, तीत काठाखालपर्यंत पाणी भरा आणि कठड्यावर व परातीत दोन्हीकडे पातळीची खूण करा. परातीत १२ मिलिमीटर उतरलं आणि गच्चीवर १३ किंवा १४, तर ते ऊन. परातीत १२ आणि गच्चीवर २५, तर पाणी कुठेतरी जातं आहे. आधी बूच तपासा: पाइपच्या खालच्या टोकाला थेंब येतात का? तिथे कोरडं असेल तर गळती गच्चीतच आहे.

खोलीतली पेन्सिलची रेघ १२, २४ आणि ४८ तासांनी बघा. डाग रेघेबाहेर गेला किंवा गार लागला तर पाणी सोडून द्या. दोष बहुधा पाइपच्या तोंडाशी किंवा वाट्याला असतो. तिथे वाळवून, जाळी लावून दोन हात मारायला आणि पुन्हा चाचणी घ्यायला नऊ-दहा दिवस लागतात. २० मेआधी जी फट ठेवली आहे ती यासाठीच. तेवढ्यात बाकीची कामं चालू ठेवता येतात.

चाचणी पास झाली की पाणी सोडताना घड्याळ लावा. १,५०० लिटर म्हणजे त्या ५० मिलिमीटरच्या पावसाचं तासाभराचं पाणी. तासात जवळपास सगळं गेलं पाहिजे. कुठे तळं राहिलं तर तिथे खडू मारून ठेवा. नाण्याएवढी डबकी चालतात, घमेल्याएवढं तळं नाही. त्याच दिवशी खालचे बेंड आणि चेंबर पुन्हा साफ करा, कामातला चुरा तिथे पोहोचलेला असतो.

चूक: याच आठवड्यात आतून पुट्टी आणि रंग काढून घेणं. भिंतीतली जुनी ओल बाहेर पडायला महिने लागतात, नवा रंग श्रावणापर्यंत पुन्हा पोपडे धरतो. आतला रंग दिवाळीच्या आधी.

## टप्पा ७: खिडक्या आणि छज्जे (१० ते १२ मे)

खिडकीची चौकट आणि भिंत यांच्यातला जुना सिलिकॉन ब्लेडने पूर्ण काढूनच नवा भरा, जुन्यावर नवा धरत नाही. सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत बाहेरच्या बाजूला बारीक भोकं असतात. ती पाणी बाहेर जाण्यासाठी आहेत. सिलिकॉनने ती बुजवली की पट्टी भरून पाणी घरात येतं. काडीने ती मोकळी करा आणि पेलाभर पाणी ओतून बघा.

छज्जावरचा पाला झाडूने, आतून किंवा शिडीवरून काढा. छज्जावर उभं राहू नका. छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तिथेच टपकावं म्हणून ठेवलेली खाच प्लास्टर किंवा रंगाने भरली असेल तर कोरून घ्या, नाहीतर पाणी वळून भिंतीवर येतं.

## टप्पा ८: साठवणीचं सामान (१३ ते १८ मे)

हे मुद्दाम शेवटी. आधी आवरलं तर तोडफोडीची धूळ त्यावर बसते, आणि भिंत कोरडी आहे की नाही हेही कळलेलं नसतं.

पहिल्या दिवशी माळा पूर्ण रिकामा करा, भिंतीला हात लावून बघा आणि एक दिवस उघडा ठेवा. बाहेरच्या भिंतीला लागून काहीही परत ठेवायचं नाही. चार बोटं जागा सोडा आणि ट्रंकेखाली विटा किंवा फळी द्या. भिंत आणि ट्रंक चिकटलेली असली की मधली हवा हलत नाही आणि बुरशी नेमकी त्या बाजूला धरते.

गाद्या-रजयांना सकाळी अकरापासून ऊन द्या, दीड वाजता उलटा, तीनला आत घ्या. तासभर सावलीत थंड होऊ द्या आणि त्याच दिवशी बांधा. संध्याकाळपर्यंत बाहेर राहिलेला कापूस हवेतला दमटपणा परत ओढून घेतो, किनारपट्टीला तर फारच लवकर. मग पिशवी हवाबंद केली की ती ओल आतच राहते. रेशमी आणि जरीच्या साड्यांना थेट ऊन नको, पंख्याखाली सावलीत पसरा आणि सुती कापडात गुंडाळा.

डांबरगोळी आणि कापूर एकाच ट्रंकेत ठेवू नका. दोन्ही एकमेकांना लागले की पाझरून तेलकट होतात आणि कपड्यांवर डाग पडतात. एकच काय ते वापरा, कापडाच्या पुरचुंडीत, मुलांच्या हाताला लागणार नाही असं.

पुठ्ठ्याचे खोके पावसाळ्यात स्पंजासारखे वागतात. पुस्तकं आणि कागद झाकणाच्या प्लास्टिक खोक्यात हलवा. मूळ कागदपत्रं झिपच्या पाकिटात, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि ते पाकीट माळ्यावर नाही तर आतल्या भिंतीच्या कपाटात मधल्या कप्प्यात. प्रत्येक खोक्यावर दर्शनी बाजूला आतल्या वस्तूंची यादी चिकटवा. ऑगस्टमध्ये एक छत्री शोधायला सगळी खोकी उघडली की सगळी मेहनत गेली.

## टप्पा ९: शेवटची फेरी (२० मे) आणि पहिला वळीव

बोळा आणि बूच दोन्ही काढले आहेत ना, जाळी जागेवर आहे ना, ते प्रत्यक्ष हात घालून बघा. पाइपमध्ये एक बादली ओता आणि ती खालच्या टोकाला येताना डोळ्यांनी पाहा. वापरात नसलेल्या मोरीच्या जाळीत तांब्याभर पाणी ओता, आतलं पाणी आटलं असेल तर वास आणि झुरळं वर येतात.

एक आठवण तारखेशिवाय राहते, ती फोनमध्ये लागत नाही, म्हणून कपाटाच्या दारावर चिठ्ठी लावा: पहिला जोराचा वळीव थांबल्यावर अर्ध्या तासात गच्चीवर जायचं. वळवाच्या वाऱ्याने पाडलेला पाला जाळीभोवती साचलेला असतो, तो उचलायचा. खडूच्या खुणेवर तळं आहे का बघायचं, आणि खाली येऊन पेन्सिलच्या रेघेवर हात ठेवायचा. रेघ कोरडी लागली तरी ती पुसू नका. पुढच्या १ एप्रिलला तीच लागणार आहे.